वचनावरील दोन मिनिटांचे आयत्या वेळचे भाषण : आरंभ, मध्य आणि शेवट

प्राथमिक शाळांतून वक्तृत्वाचे दोन प्रकार घेतले जातात. पहिल्या प्रकारात विषय काही दिवस अगोदर जाहीर होतो. भाषण घरी लिहिले जाते, पुष्कळदा घरातील वडीलधारी मंडळीच ते लिहून देतात, आणि विद्यार्थी ते पाठ करून म्हणतो. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी चिठ्ठी उचलतो, तीवर लिहिलेले एखाद्या संताचे वा कवीचे वचन वाचतो, पाच मिनिटे विचार करतो आणि दोन मिनिटे बोलतो. २७ फेब्रुवारीस, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने हा दुसरा प्रकार अनेक शाळांतून योजिला जातो. तेथे असे आढळते की, पाठ केलेले भाषण धडाधड म्हणणारा विद्यार्थी चिठ्ठी हाती येताच मूक होतो, किंवा एखादे जुने पाठ भाषण त्या वचनास चिकटवून देतो. त्याचे कारण धीटपणाचा अभाव हे क्वचितच असते. पाच मिनिटांत नेमके काय करावयाचे हे त्यास कोणी सांगितलेले नसते, हे खरे कारण होय. प्रस्तुत लेखात त्या पाच मिनिटांचा आणि त्यानंतरच्या दोन मिनिटांचा विचार केला आहे.

कीर्तनकाराची रीत

एका वचनावर बोलण्याची कला महाराष्ट्रास नवी नाही. नारदीय कीर्तनाची मांडणी पाहिली म्हणजे हे ध्यानी येते. कीर्तनकार आरंभी एक मूळ पद घेतो. पूर्वरंगात त्याचे निरूपण करतो, म्हणजे पदातील शब्दाशब्दाचा अर्थ उलगडून दाखवितो. उत्तररंगात तो एक आख्यान लावतो आणि त्या आख्यानाच्या ओघात श्रोत्यांस पुन्हा मूळ पदाकडे आणून सोडतो. आख्यान कितीही रंगले, तरी मूळ पदाशी त्याची गाठ बसली नाही, तर जाणता श्रोता म्हणतो, कथा चांगली झाली, पण पद सुटले.

दोन मिनिटांच्या भाषणाची घडण हीच आहे, फक्त माप लहान. आरंभी वचन आणि त्याचा अर्थ, मध्यात एक प्रसंग, शेवटी वचनाकडे परत येणे. गावातील मुलांनी सप्ताहात कीर्तन ऐकलेले असते. म्हणून आरंभ, मध्य आणि शेवट या संज्ञा समजावून देण्यापेक्षा, "बुवांनी पद कोणते घेतले होते, गोष्ट कोणती सांगितली, आणि गोष्टीवरून पदावर कसे आले?" असा प्रश्न विचारला, तर चौथीच्या मुलासही ही मांडणी कळते.

दोन मिनिटांत किती मावते

सावकाश आणि स्पष्ट बोलणारे मूल एका मिनिटात सुमारे शंभर शब्द बोलते. म्हणजे दोन मिनिटांचे भाषण हे दोनशे शब्दांचे, वहीच्या एका पानाएवढे होय. एवढ्या जागेत वचनाचा अर्थ आणि एक प्रसंग मावतो, दोन प्रसंग मावत नाहीत. ज्या भाषणात दोन उदाहरणे, कवीचे चरित्र आणि उपदेश एकत्र येतात, त्यातील प्रत्येक गोष्ट अर्धवट राहते.

काळाची वाटणी साधारणतः अशी करावी : आरंभास पंचवीस सेकंद, मध्यास सत्तर, शेवटास पंचवीस. ही वाटणी मुलांस आकड्यांत सांगून उपयोग नाही. वर्गात घड्याळ लावून एकदा पंचवीस सेकंद सर्वांनी स्वस्थ बसून पाहावे आणि तेवढ्या वेळात चार-पाच छोटी वाक्ये बोलून पाहावीत. आरंभ किती लहान हवा, हे त्यावरून समजते. पुढे असेही दिसून येते की, "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" ही ठरीव सुरुवात आणि त्यामागून येणारे "मी आज तुम्हांस जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतपणे ऐकून घ्यावेत" हे वाक्य, या दोहोंतच आरंभाचा बहुतेक वेळ संपतो. मोठ्या भाषणात तेवढे औपचारिक बोलणे खपते. दोन मिनिटांत "गुरुजनहो आणि मित्रांनो" एवढे पुरे.

वचन आणि विषय यांतील भेद

या भाषणातील खरी अडचण येथे आहे. एक उदाहरण घेऊ. वनातील झाडे आणि वेली ह्या आपल्या सोयऱ्याधायऱ्या आहेत, अशा आशयाचा तुकाराम महाराजांचा अभंग प्रत्येक शिक्षकास पाठ आहे. तो चिठ्ठीवर आला म्हणजे दहापैकी आठ विद्यार्थी बोलतात ते असे : झाडे आपणांस प्राणवायू देतात, फळे देतात, सावली देतात, पाऊस आणतात, म्हणून प्रत्येकाने एक तरी झाड लावावे. हे सारे खरे आहे. परंतु हे झाड या विषयावरील भाषण झाले, तुकाराम महाराजांच्या वचनावरील नव्हे. तुकाराम महाराजांनी झाडांस उपकारकर्ते म्हटलेले नाही, सोयरे म्हटले आहे. सोयरा आपल्या उपयोगी पडतो म्हणून सोयरा नसतो. तो कधी काही देत नाही, उलट चार दिवस राहून जातो, तरीही तो सोयराच असतो. देहूजवळच्या डोंगरावर एकान्तात बसणाऱ्या माणसास झाडांचा हिशेब मांडावयाचा नव्हता. माणसांपासून दूर असूनही आपण एकटे नाही, असे त्यास म्हणावयाचे होते.

यावरून एक सोपा नियम निघतो. प्रत्येक वचनात एक शब्द असा असतो की, तो काढून दुसरा घातला तर वचन सामान्य होते. त्यास कळीचा शब्द म्हणावे. वरील उदाहरणात 'सोयरे' हा कळीचा शब्द आहे. त्याजागी 'उपयोगी' हा शब्द घालून पाहावा, वचनातील प्राण गेला हे तत्काळ कळते. विद्यार्थ्याने वचन हाती येताच हा शब्द शोधावयाचा आणि त्या शब्दावर बोलावयाचे, संपूर्ण विषयावर नव्हे. विषय समुद्राएवढा असतो, शब्द ओंजळीत मावतो.

वर्गात याचा अभ्यास करण्यासाठी फळ्यावर वचन लिहून एकेका शब्दावर हात ठेवावा आणि "हा शब्द झाकला तर काय हरवते?" असे विचारावे. चार-पाच वचने अशा रीतीने झाली म्हणजे मुले आपण होऊन कळीचा शब्द दाखवू लागतात. दोन मुलांनी दोन निरनिराळे शब्द दाखविले, तर त्यांत चुकीचे काही नाही. दोघांची भाषणे निराळी होतील, एवढेच.

पाच मिनिटांची तयारी

चिठ्ठी हाती आल्यावर विद्यार्थ्याने करावयाच्या गोष्टी चारच आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्या मिनिटात वचन दोनदा वाचावे, पहिल्यांदा मनात आणि दुसऱ्यांदा ओठ हलवून. मग त्याचा अर्थ आपल्या घरच्या बोलीत स्वतःस सांगावा. ज्याच्या घरी आगरी बोलतात त्याने आगरीत, ज्याच्या घरी कातकरी बोलतात त्याने कातकरीत सांगावा. ज्या वाक्याचा अर्थ घरच्या बोलीत सांगता येत नाही, ते वाक्य अजून समजलेले नाही, असे समजावे. त्यानंतर कळीचा शब्द निवडावा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटात प्रसंग शोधावा. येथे मुले पुस्तकाकडे धावतात आणि शिवाजी महाराज, गांधीजी वा अब्दुल कलाम यांच्या गोष्टी आठवू लागतात. अशा गोष्टी सर्वांसच ठाऊक असल्याने श्रोता ऐकता ऐकता थांबतो. शिवाय नाव वा साल चुकण्याचे भय असते. त्याऐवजी मुलाने स्वतःस विचारावे : "हा शब्द खरा आहे, असे मला कधी आणि कोठे दिसले?" घर, शेत, बाजार, रेल्वेचा डबा, शाळेचे आवार, यांपैकी एका जागेचे चित्र डोळ्यांपुढे आले की प्रसंग सापडला.

चौथ्या मिनिटात भाषणाचे शेवटचे वाक्य ठरवून टाकावे. पहिल्या वाक्याच्याही आधी शेवटचे वाक्य ठरवावयाचे, हे मुलांस विचित्र वाटते. परंतु आयत्या वेळच्या भाषणात बहुतेकांची फजिती आरंभी होत नाही, ती शेवटी होते. कोठे थांबावयाचे हे ठाऊक नसल्यामुळे मूल तेच तेच वाक्य फिरवून म्हणत राहते आणि घंटा झाली की मध्येच तुटते. पलीकडचा काठ दिसत असला म्हणजे पोहणारा घाबरत नाही.

पाचव्या मिनिटात आरंभाची दोन वाक्ये हलक्या आवाजात म्हणून पाहावीत. चिठ्ठीच्या मागे चारच शब्द लिहावेत : कळीचा शब्द, प्रसंगाची जागा, प्रसंगातील वळण आणि शेवटच्या वाक्यातील एक शब्द. पूर्ण वाक्ये लिहू देऊ नयेत. पूर्ण वाक्य लिहिले की मूल ते आठवू लागते, आणि एक शब्द आठवला नाही तर सारेच थांबते.

एक नमुना

बदलापूरजवळच्या एखाद्या खेड्यातील सातवीच्या विद्यार्थिनीस तुकाराम महाराजांचे वरील वचन मिळाले, अशी कल्पना करू. तिने चिठ्ठीमागे लिहिलेले चार शब्द असे : सोयरे, फणस, चूल, पाहुणा. प्रथम तिने वचन वाचून दाखविले आणि मग ती अशी बोलली :

"गुरुजनहो आणि मित्रांनो, तुकाराम महाराज झाडावेलींना आपले सोयरे म्हणतात. सोयरा म्हणजे नात्यातले माणूस. आपण त्याच्या घरी जातो, तो आपल्या घरी येतो. झाड तर जागचे हलत नाही. मग ते सोयरे कसे होईल?

"आमच्या घरामागे एक फणस होता. तो माझ्या पणजोबांनी लावला होता. आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो तिच्या खांद्याएवढा होता. आजी म्हणायची, तो आणि मी या घरात बरोबरच वाढलो. पहिला फणस उतरला की आजी आधी शेजारच्या चार घरी गरे पाठवायची, मग आम्हाला द्यायची. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या वादळात तो फणस मुळासकट पडला. बाबांनी लाकडाचा हिशेब केला. शेजारी म्हणाले, बरे झाले, अंगण मोकळे झाले. आजी काहीच बोलली नाही. आमच्याकडे घरात कोणी वारले, तर त्या दिवशी चूल पेटत नाही. त्या संध्याकाळी आजीने चूल पेटवली नाही. आईने विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, 'आज घरातलं माणूस गेलं.'

"त्या दिवशी मला सोयरे या शब्दाचा अर्थ कळला. फणस आम्हाला फळे देत होता म्हणून तो सोयरा नव्हता. तो आमच्या घरात वाढला म्हणून सोयरा होता. आजीने त्याच जागी एक आठळी लावली. तिला आता दोन पाने आली आहेत. आजी सगळ्यांना सांगते, आमच्या घरी नवा पाहुणा आला आहे."

हे भाषण दोनशे शब्दांच्या आतच आहे. विराम घेत सावकाश बोलले असता ते दोन मिनिटांत नीट बसते. त्याची घडण तपासून पाहावी. आरंभात वचनाचा आशय, कळीच्या शब्दाचा अर्थ आणि एक प्रश्न, एवढेच आहे. तो प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण श्रोत्याच्या मनात त्याच्या उत्तराची वाट पाहणे सुरू होते आणि मध्यास कारण मिळते. ज्या भाषणाच्या आरंभी प्रश्न नसतो, त्याचा मध्य हा केवळ पुढचा मजकूर होतो.

मध्यात एकच झाड, एकच घर आणि एकच संध्याकाळ आहे. त्यात वळण आहे : बाबा व शेजारी एका दृष्टीने पाहतात, आजी दुसऱ्या. हे वळण नसते, तर आजीचे फणसावर प्रेम होते एवढेच सांगून मध्य संपला असता. शिक्षकाने मुलांस विचारावे, "तुझ्या प्रसंगात कोणास निराळे वाटले?" या एका प्रश्नाने बहुतेक निर्जीव प्रसंगांत जीव येतो. आजीचे वाक्य विद्यार्थिनीने घरच्या बोलीत ठेवले आहे, तेही योग्यच आहे. निवेदन प्रमाण भाषेत आणि माणसाच्या तोंडचे वाक्य त्याच्या बोलीत, ही रीत मराठी कथेने केव्हाच स्वीकारली आहे.

शेवटात प्रश्नाचे उत्तर आहे आणि कळीचा शब्द पुन्हा आला आहे, परंतु आता त्याचा अर्थ वाढलेला आहे. उपदेश नाही. "म्हणून आपण सर्वांनी झाडे लावली पाहिजेत" हे वाक्य येथे जोडून पाहावे. भाषण जेथे उंच गेले होते तेथून ते खाली येते, हे मुलांसही जाणवते. "एवढे बोलून मी माझे भाषण संपवितो" हे वाक्यही अनावश्यक आहे. शेवटच्या वाक्यानंतर क्षणभर थांबावे आणि नमस्कार करावा. भाषण संपले हे आवाज उतरल्यावरून कळते.

दुसऱ्या मातृभाषेचा विद्यार्थी

उल्हासनगरच्या शाळांत सिंधी मातृभाषेची मुले मराठी शिकतात, आणि अंबरनाथ-बदलापूर भागातील शाळांतही हिंदी वा अन्य भाषा घरी बोलणारी मुले असतात. अशा मुलास वर सांगितलेली रीत अधिकच उपयोगी पडते, कारण तीत भारदस्त शब्दांची गरज नसते, प्रसंगाची असते.

समजा, अशा मुलास बहिणाबाई चौधरी यांचे वचन मिळाले. संसारात सुख मिळण्याआधी चटके सोसावे लागतात, हे बहिणाबाईंनी चूल, तवा आणि भाकर यांच्या चित्रातून सांगितले आहे. त्या निरक्षर होत्या. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती गाणी खानदेशातील त्यांच्या घरच्या बोलीत आहेत. आपली बोली शुद्ध नाही म्हणून संकोचणाऱ्या मुलास एवढी माहिती पुष्कळ धीर देते.

येथे कळीचा शब्द 'चटका' हा होय. उल्हासनगरच्या मुलास प्रसंग दूर शोधावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय तिच्या बराकींत करण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. परंतु येथे एक खड्डा आहे. मूल हा सारा इतिहास सांगू लागले, तर सत्तर सेकंद त्यातच जातात आणि भाषण उल्हासनगरच्या इतिहासावर होते. इतिहासास एकच वाक्य द्यावे : "माझी पणजी सिंधमधून येथे आली तेव्हा तिचे घर म्हणजे बराकीतील एक कोपरा होता." पुढे त्या कोपऱ्यातील चूल, पणजीने पापड लाटून विकले असतील तर ते पापड, आणि घरी आजही सांगितली जाणारी तिची एखादी गोष्ट यावी. प्रसंग खरा असावा. घरी ऐकलेली गोष्ट नसेल तर ती रचू नये, स्वतःच्या आयुष्यातील लहानसा चटका सांगावा. सायकल शिकताना फुटलेला गुडघाही चालतो.

मराठी शब्द आठवला नाही, तर मुलाने थांबून राहू नये. वस्तूचे घरचे नाव उच्चारावे आणि "आमच्या घरी याला असे म्हणतात" एवढे जोडावे. परीक्षकांनी त्याबद्दल गुण कापू नयेत. कळीच्या शब्दाचा अर्थ त्यास कळला आहे की नाही, हे पाहावे.

सर्वांस ठाऊक असलेले प्रसंग

या परिसरातील मुलांच्या भाषणांत काही उदाहरणे वारंवार येतात. अंबरनाथचे शिवमंदिर हे त्यांपैकी एक. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर कीर्तीविषयीच्या वा परिश्रमाविषयीच्या कोणत्याही वचनास लावले जाते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका झाली, हे दुसरे. अशी उदाहरणे निषिद्ध नाहीत. मात्र सर्वांस ठाऊक असलेल्या प्रसंगातून मुलाने स्वतः पाहिलेली वा घरी ऐकलेली एक गोष्ट काढली पाहिजे. "मंदिर फार प्राचीन आहे" हे फलकावरही लिहिलेले असते. "दगडातील त्या मूर्तीची बोटे झिजली आहेत, पण दागिन्याचा एकेक मणी मोजता येतो" हे पाहणाऱ्यासच सांगता येते, आणि ज्या हातांनी ते मणी कोरले त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, या विचाराकडे त्यावरून सहज जाता येते.

दोष कसे ओळखावेत

या भाषणातील तीन दोष नेहमी आढळतात आणि प्रत्येकाची खूण निराळी आहे.

पहिला दोष चिकटविलेल्या भाषणाचा. पाठ असलेले भाषण नव्या वचनास जोडलेले असते. त्यासाठी अदलाबदलीची कसोटी लावावी : भाषण तसेच ठेवून वचन बदलले, तर ते चालते काय? चालत असेल, तर भाषण त्या वचनावरील नाही. वरील फणसाचे भाषण परिश्रमाच्या वचनास लागणार नाही, म्हणून ते खरे.

दुसरा दोष रिकाम्या मध्याचा. मुलास प्रसंग सापडलेला नसतो, म्हणून ते वचनाचा अर्थच निरनिराळ्या शब्दांत तीन-चार वेळा सांगते. "म्हणजेच", "तसेच", "याचा अर्थ असा की" हे शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागले की मध्य रिकामा आहे असे समजावे. या मुलास बोलण्याचा सराव देऊन उपयोग होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाचा, म्हणजे प्रसंग शोधण्याचा सराव द्यावा.

तिसरा दोष चरित्राचा. मूल कवीचा जन्म, गाव, ग्रंथ हे सांगत राहते. कवीविषयी एकच गोष्ट सांगावी, आणि तीही वचनावर प्रकाश पाडणारी असेल तरच.

बोलताना मध्येच विस्मरण झाले तर काय करावे, हेही आधी सांगून ठेवावे. मुलाने वचनाकडे धाव घेऊ नये, प्रसंगाकडे जावे आणि स्वतःस विचारावे, "मग पुढे काय झाले?" पाहिलेली गोष्ट विसरत नाही. विसरतात ती वाक्ये. दीड मिनिट झाल्यावर एक हलकी घंटा द्यावी, आणि ती ऐकताच हाती असलेले वाक्य पुरे करून शेवटाकडे वळावयाचे, अशी सवय लावावी.

परिपाठातील सराव

एक वा दोन शिक्षकांच्या शाळेत यासाठी स्वतंत्र तास काढणे कठीण असते. परंतु परिपाठाच्या वेळी फलकावर रोज सुविचार लिहिला जातो आणि बहुधा तो एकदा वाचून विसरला जातो. तोच सुविचार सरावासाठी घ्यावा. पहिल्या आठवड्यात मुलांनी केवळ कळीचा शब्द सांगावा. दुसऱ्या आठवड्यात रोज दोन मुलांनी त्या शब्दावरून आठवलेला प्रसंग तीन वाक्यांत सांगावा. तिसऱ्यात प्रसंगास शेवटचे वाक्य जोडावे. चौथ्या आठवड्यात संपूर्ण दोन मिनिटे द्यावीत. तिसरी-चौथीच्या मुलांस एक मिनिट पुरे.

चिठ्ठ्यांसाठी वचने निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. वचन पाठ्यपुस्तकातील वा मुलांच्या कानावरून गेलेले असावे, आणि त्यात डोळ्यांपुढे उभी राहील अशी एखादी वस्तू वा नाते असावे. माया, मोक्ष, आत्मा यांविषयीची वचने थोर असली, तरी त्यांवर दहा वर्षांच्या मुलाजवळ सांगण्यासारखा प्रसंग नसतो. ते ऐकलेलेच बोलणार. उपरोधाने लिहिलेली वचनेही टाळावीत. पाच मिनिटांत त्यांचा उलटा अर्थ मुलाच्या ध्यानात येत नाही आणि ते शब्दशः अर्थ लावून बसते.

या रीतीस मर्यादाही आहे. एखादे वचन मुलास पटत नसेल, तर दोन्ही बाजू मांडून वाद करण्यास दोन मिनिटे पुरत नाहीत. अशा वेळी मुलाने "मला हे वचन पूर्ण पटत नाही" असे आरंभीच सांगून आपणांस न पटण्याचा एक प्रसंग द्यावा. घडण तीच राहते. परीक्षकांनी असे भाषण उद्धटपणाचे समजू नये. ज्या मुलाने वचनातील शब्द नीट वाचला, तेच मूल त्याच्याशी असहमत होऊ शकते.